शोरूममधलं टू-व्हीलर लोन: ऑन-रोड किंमत, डाउन पेमेंट आणि खरं व्याज कसं काढायचं

गेल्या दसऱ्याच्या आठ-दहा दिवस आधी भाच्याने मला व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. शोरूमच्या कोटेशनच्या पाठकोऱ्या बाजूला निळ्या पेनाने लिहिलेलं होतं: 1,09,000. त्याखाली 19,000. त्याखाली गोल करून 3,213 × 36, आणि कोपऱ्यात 9.5%. सोबत त्याचा मेसेज होता, "मामा, साडेनऊ टक्के म्हणजे चांगलं आहे ना? माझी पगाराची बँक बारा सांगतेय."

मी एका पगारदार पतसंस्थेत कर्ज विभागात काम करतो. गाडीच्या कर्जाचे कागद रोज हाताखालून जातात, त्यामुळे त्या चार आकड्यांत काय काय नाही ते लगेच दिसलं. त्याला उलट फोन केला आणि सांगितलं, अजून काही भरू नकोस, टोकनही नको. संध्याकाळी आम्ही दोघं वही घेऊन बसलो. शोरूमच्या साडेनऊ टक्क्यांचा खरा दर निघाला 21 टक्क्यांच्या वर. बँकेचे बारा म्हणजे बाराच होते.

हा हिशेब अवघड नाही. शोरूमच्या टेबलावर बसून मोबाइलवर दहा मिनिटांत होतो. फक्त बोलणं हप्त्यावरून हलवून दोन प्रश्नांवर आणावं लागतं: कर्ज म्हणून माझ्या कामाला खरोखर किती पैसे येणार, आणि त्याबदल्यात मी एकूण किती देणार. भाच्याचाच हिशेब ओळीने मांडतो.

ऑन-रोड किंमत फोडून घ्या

कर्जाचं बोलण्याआधी ऑन-रोड किंमतीची फोड कागदावर मागा. तोंडी नको, आणि व्हिजिटिंग कार्डाच्या मागेही नको. शोरूमच्या नावाचं, तारखेचं छापील कोटेशन हवं. बाहेरून कर्ज काढायचं ठरलं तर बँकेलाही हाच कागद लागतो.

भाच्याची गाडी 125 सीसीची स्कूटर होती. एक्स-शोरूम किंमत 85,000. यात जीएसटी आलेला असतो. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला आहे, त्यामुळे त्याआधीचं एखादं कोटेशन कुणी तुलनेला दाखवलं तर ते बाजूला ठेवा. त्यावर महाराष्ट्रात एकदाच भरायचा रोड टॅक्स. या गटातल्या पेट्रोल गाड्यांना तो 11 टक्के, म्हणजे 9,350. नोंदणी, स्मार्ट कार्ड, कर्जाचा बोजा चढवायची फी वगैरे मिळून 1,200. विमा 7,000. इथपर्यंत बेरीज 1,02,550 होते. इथपर्यंतचा खर्च गाडी रस्त्यावर आणायला लागतोच, विम्यात थोडं इकडेतिकडे होऊ शकतं तेवढंच.

मग 1,09,000 कुठून आले? उरलेल्या 6,450 मध्ये हँडलिंग चार्जेस 1,500 होते, ॲक्सेसरीजचा पॅक 4,000 चा होता, आणि वाढीव वॉरंटी व रस्त्यावरच्या मदतीचं मिळून 950. हँडलिंग चार्ज हा ना कर आहे ना आरटीओची फी. गाडी गोदामातून शोरूमपर्यंत आणणं हा विक्रेत्याचा धंद्याचा खर्च आहे. हा आकडा दिसला की एवढंच म्हणा, "याची वेगळी पावती मिळेल ना, हँडलिंग चार्ज असं लिहून?" पावतीचं नाव काढलं की बऱ्याच ठिकाणी ही ओळ आपोआप गळते. ॲक्सेसरीजमध्ये सीट कव्हर, मॅट, गार्ड, बॉडी कव्हर असं सगळं एकत्र बांधलेलं असतं. त्यातलं हवं ते एकेक निवडता येतं. हेल्मेटचे पैसे लावले असतील तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या 138(4)(एफ) या नियमाची आठवण करून द्या. दुचाकी विकताना हेल्मेट देण्याची जबाबदारी त्यात उत्पादकावर टाकलेली आहे.

विम्याचं जरा सविस्तर सांगतो, कारण तिथे लोक प्रश्नच विचारत नाहीत. नव्या दुचाकीला थर्ड पार्टी विमा एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर सप्टेंबर 2018 पासून हे लागू आहे. त्याचा दर सरकार ठरवतं. 2022 च्या दरपत्रकात 75 ते 150 सीसी गाडीला पाच वर्षांचे 3,851 रुपये आणि वर जीएसटी असा तो आहे, म्हणून तिथे कुठल्याही कंपनीत फरक पडत नाही. फरक पडतो तो आपल्या गाडीच्या नुकसानीच्या भागात आणि वर जोडलेल्या कव्हरांत. शिवाय मालक-चालकाचा 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमा यात घातलेला असतो. तुमच्याकडे तेवढ्या रकमेचा अपघात विमा आधीच असेल तर तो दाखवून हा भाग काढता येतो. शोरूममधूनच विमा घ्यायची सक्ती नाही. कोटेशनवरची आयडीव्ही, म्हणजे गाडीची विम्यातली किंमत, तीच ठेवून दुसऱ्या कंपनीचा आकडा काढा. आम्हाला तो 5,900 मिळाला, म्हणजे 1,100 रुपये कमी.

ही किरकोळ वाटणारी रक्कम कर्जात गेली की तीही फुगते. या कर्जात दर 1,000 रुपयांना महिन्याला 35 रुपये 70 पैसे हप्ता बसत होता. म्हणजे 6,450 रुपयांच्या या वरकड गोष्टींचे तीन वर्षांत जवळपास 8,300 रुपये गेले असते.

डाउन पेमेंट: खिशातून त्या दिवशी किती जाणार

"एकोणीस हजार भरा आणि गाडी घेऊन जा" असं भाच्याला सांगितलं होतं. 1,09,000 मधून कर्जाचे 90,000 वजा केले की 19,000 उरतात, इथवर बरोबर आहे. पण फायनान्सच्या टेबलावर कर्जासोबत आणखी काही आकडे येतात, आणि ते विक्री करणारा मुलगा सांगत नाही, कारण ते टेबल त्याचं नसतं.

भाच्याला मी परत पाठवलं आणि फायनान्सवाल्याला एकच गोष्ट विचारायला सांगितली: "डिलिव्हरीच्या दिवशी माझ्याकडून एकूण किती रुपये घेणार, सगळं धरून?" उत्तर आलं ते असं. प्रोसेसिंग फी कर्जाच्या अडीच टक्के, म्हणजे 2,250, त्यावर जीएसटी 405. कागदपत्रं आणि स्टॅम्पचे 745. कर्जाचा विमा 1,600, म्हणजे कर्जदाराला काही झालं तर कर्ज फिटावं म्हणून. हे झाले बरोबर 5,000. शिवाय पहिला हप्ता आगाऊ, 3,213.

म्हणजे एकोणीस हजारांचं डाउन पेमेंट प्रत्यक्षात 27,213 झालं. दसऱ्याच्या सकाळी, हार घातलेली गाडी समोर उभी, आई-वडील पेढे घेऊन आलेले, आणि तेव्हा कुणी आठ हजार जास्त मागितले तर माणूस देतो. मागे फिरत नाही. म्हणून हा प्रश्न बुकिंगच्या आधी विचारायचा आणि आकडा लिहून घ्यायचा.

काही ठिकाणी हे 5,000 रोख मागत नाहीत, कर्जाच्या रकमेतून कापून घेतात, किंवा कर्जच 95,000 चं करतात. पद्धत कुठलीही असो, हिशेबात ते तुम्हीच दिलेले असतात.

साडेनऊचे सतरा कसे होतात

आता व्याजाकडे येऊ. कोपऱ्यात लिहिलेले 9.5 टक्के खोटे नव्हते, पण ते फ्लॅट दराने होते. फ्लॅट म्हणजे सुरुवातीच्या पूर्ण कर्जावर पूर्ण मुदतीचं व्याज एकदम लावायचं. 90,000 वर साडेनऊ टक्क्यांनी वर्षाला 8,550, तीन वर्षांचे 25,650. ते 90,000 मध्ये मिळवले की 1,15,650, भागिले 36, हप्ता 3,213.

यात अडचण कुठे आहे ते शेवटच्या महिन्यात स्पष्ट दिसतं. फ्लॅट हिशेबात दर महिन्याला व्याजाचे 712 रुपये आणि मुद्दलाचे 2,500 जातात. छत्तिसाव्या महिन्यात तुमच्याकडे मुद्दल उरलेलं असतं फक्त 2,500 रुपये, आणि तरीही त्या महिन्याचं व्याज 712 च लागतं, जणू अजून 90,000 तुमच्याकडेच आहेत. तुम्ही दर महिन्याला पैसे परत करत असता, पण त्याची सूट व्याजात मिळत नाही.

बँकेचा दर घटत्या शिलकीवर असतो. जेवढं मुद्दल उरलं तेवढ्यावरच पुढच्या महिन्याचं व्याज. तीन वर्षांत तुमच्याकडे सरासरी निम्म्याच्या आसपासच कर्ज असतं, म्हणून फ्लॅट दर घटत्या शिलकीत बदलला की जवळजवळ दुप्पट होतो. दोन-तीन वर्षांच्या कर्जासाठी तोंडी हिशेब असा ठेवा: फ्लॅट दराला 1.8 ने गुणा. साडेनऊचे सतरा होतात, आठचे साडेचौदा.

शोरूममध्ये "फ्लॅट की रिड्युसिंग?" हा प्रश्न सरळ विचारा. उत्तर गोलमोल आलं, किंवा "सर, महिन्याला सत्त्याण्णव पैशांचा फरक पडतो फक्त" असं काही आलं, तर फ्लॅट समजून चाला आणि पुढचा हिशेब स्वतः करा.

खरा दर: तीन आकडे आणि एक सूत्र

मोबाइलवर गूगल शीट्स किंवा एक्सेल उघडा आणि एका चौकटीत हे टाका:

```
=RATE(36,-3213,90000)*12
```

36 म्हणजे हप्त्यांची संख्या, 3213 हा हप्ता (पैसे आपण देतो म्हणून उणे), 90000 ही मिळालेली रक्कम. उत्तर 0.171 च्या आसपास येतं, म्हणजे 17.1 टक्के.

पण 90,000 तुम्हाला खरंच मिळाले का? कर्ज मिळवण्यासाठी त्याच दिवशी तुम्ही 5,000 परत दिले. म्हणजे कर्जाने तुमची खरी सोय झाली 85,000 ची, आणि हप्ता मात्र 90,000 चाच चालू राहिला. म्हणून तिसरा आकडा बदला:

```
=RATE(36,-3213,85000)*12
```

आता उत्तर येतं 21.2 टक्के. आणि पहिला हप्ता डिलिव्हरीच्याच दिवशी घेतला तर सूत्राला तसं सांगावं लागतं, शेवटी 0 आणि 1 जोडून:

```
=RATE(36,-3213,85000,0,1)*12
```

22.6 टक्के. भाच्याने तीनदा तपासलं. मग बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "म्हणजे बँकेचे बारा स्वस्त होते."

आगाऊ हप्त्याबद्दल एक गोष्ट लक्षात असू द्या. हप्ता आधी घ्यायचा आणि व्याज मात्र पूर्ण कर्जावर लावायचं, ही पद्धत रिझर्व्ह बँकेने 29 एप्रिल 2024 च्या परिपत्रकात अनुचित प्रकारांमध्ये मोजली आहे. व्याज पैसे दिल्याच्या तारखेपासूनच लागायला हवं, हेही त्यातच आहे. तेव्हा आगाऊ हप्ता मागितला तर विचारा, "मग व्याज 90,000 वर का लावलंय?" हा प्रश्न रास्त आहे, विचारताना संकोच करायचं कारण नाही.

केएफएस मागा, आणि घरी घेऊन या

वरचा हिशेब स्वतः करायचा तो पडताळणीसाठी. कागदावर तो तुम्हाला मिळायलाच हवा. 1 ऑक्टोबर 2024 पासून बँका आणि फायनान्स कंपन्या या सगळ्यांना किरकोळ कर्जदारांना केएफएस, म्हणजे मुख्य गोष्टींचं विवरणपत्र, देणं बंधनकारक आहे. त्यात एपीआर नावाचा एक आकडा असतो. वार्षिक खर्चाचा हा दर काढताना व्याजासोबत प्रोसेसिंग फी आणि कर्जासोबत घ्यायला लावलेला विमा असे खर्चही धरावे लागतात. सोबत हप्त्यांचा तक्ता असतो, कुठल्या हप्त्यात किती व्याज आणि किती मुद्दल ते दाखवणारा.

हे विवरण कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत द्यायचं असतं, म्हणजे मराठीत मागता येतं. सात दिवस किंवा त्याहून मोठ्या मुदतीच्या कर्जात विचार करायला किमान तीन कामाचे दिवस द्यायचे असतात, तोवर त्यातल्या अटी बदलत नाहीत. आणि जो खर्च केएफएसमध्ये लिहिलेला नाही तो नंतर तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही.

प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. फायनान्सवाला टॅब पुढे करतो, ओटीपी येतो, तो विचारतो, तुम्ही सांगता, आणि पाच मिनिटांत करार झालेला असतो. केएफएस तुमच्या मेलवर येऊन पडतं, कुणी उघडत नाही. म्हणून ओटीपी सांगण्याच्या आधी "केएफएसची पीडीएफ व्हॉट्सॲप करा" असं म्हणा आणि त्यात फक्त चार जागा बघा: मंजूर रक्कम, एपीआर, मुदतीआधी कर्ज बंद करायचा आकार, आणि हप्ता चुकला तर लागणारा दंड. एपीआर तुमच्या सूत्राच्या उत्तराच्या जवळपास असायला हवा. भाच्याच्या बाबतीत 9.5 लिहिलेला केएफएस आला असता तर कुठेतरी खर्च लपलाय हे लगेच कळलं असतं.

बाहेरून कर्ज काढायचं असेल तर

पगार ज्या बँकेत जमा होतो तिथे आधी विचारा. मग तुमच्या कंपनीची किंवा खात्याची पगारदार पतसंस्था असेल तर तिथे. घरात मुदत ठेव असेल तर तिच्यावरचं कर्ज बहुधा सगळ्यात स्वस्त पडतं, ठेवीच्या दरापेक्षा एखाद-दोन टक्केच जास्त, आणि गाडीवर बोजाही चढत नाही. प्रत्येक ठिकाणी तोच प्रश्न: दर घटत्या शिलकीवर आहे ना, आणि फी किती?

बँकेच्या कर्जाला वेळ लागतो, हाच शोरूमचा खरा फायदा असतो. तिथे अर्ध्या तासात मंजुरी, इथे चार-पाच दिवस. म्हणून मुहूर्ताच्या दिवशी गाडी हवी असेल तर निदान दोन आठवडे आधी सुरुवात करा. शोरूमचं कोटेशन बँकेत द्यायचं, मंजुरी आली की तुमच्या वाट्याची रक्कम शोरूममध्ये भरून पावती घ्यायची, ती पावती बँकेला दाखवायची, मग बँक उरलेले पैसे थेट शोरूमच्या खात्यात पाठवते. गाडीच्या आरसीवर बोजा बँकेच्या नावाने चढतो, त्यासाठी फॉर्म 20 वर फायनान्सर म्हणून बँकेचं नाव बरोबर लिहिलंय ना ते बघा.

बाहेरचं कर्ज म्हटलं की शोरूममध्ये बोलण्याचा सूर बदलू शकतो. "मग दसऱ्याला गाडी मिळेल याची खात्री नाही", "ती ऑफर फक्त आमच्या फायनान्सवर आहे" असं ऐकू येतं. कर्ज मिळवून देण्यावर शोरूमला फायनान्स कंपनीकडून कमिशन असतं, त्यामुळे हे व्हायचंच. ऑफर खरंच फायनान्सवरच असेल तर तिची रक्कम कर्जाच्या जादा खर्चासमोर ठेवा. दोन हजारांच्या सवलतीसाठी बारा-चौदा हजार जास्त व्याज देण्यात अर्थ नाही.

भाच्याने शेवटी काय केलं ते मांडतो. हँडलिंग चार्ज निघाला, वॉरंटीचं पॅकेज नको म्हटलं, ॲक्सेसरीजमधलं 900 रुपयांचं गार्ड तेवढं घेतलं, विमा बाहेरून काढला. गाडी 1,02,350 ला पडली. बँकेकडून 80,000 घेतले, 12 टक्क्यांनी 36 महिने, हप्ता 2,657, फी 1,000. त्या दिवशी खिशातून गेले 23,350.

शोरूमच्या वाटेने त्याने तीन वर्षांत एकूण 1,39,668 दिले असते. बँकेच्या वाटेने 1,19,002. फरक 20,666 रुपयांचा. त्यातले साडेसहा हजारांच्या वर न घेतलेल्या वस्तू आणि विम्याचे, बाकी चौदा हजार निव्वळ कर्जाच्या खर्चाचे. आणि त्याचा हप्ता तर कमी झालाच, डाउन पेमेंटही चार हजारांनी कमी झालं.

बँक नाही म्हणाली तर

सगळ्यांना बँकेचं कर्ज मिळत नाही. पगाराची स्लिप नसते, सिबिलचा इतिहास नसतो, नोकरीला सहा महिनेच झालेले असतात. रिक्षा, डिलिव्हरी, रोजंदारी करणाऱ्यांना शोरूममधलं फायनान्सच हाती लागतं, आणि गाडीवाचून काम अडलेलं असतं. मग तिथेच कर्ज घ्या, पण आहे तसं नको.

सगळ्यात मोठा फरक मुदतीने पडतो. फ्लॅट दरात मुदत वाढली की व्याज सरळ वाढतं. त्याच 90,000 ला 36 ऐवजी 24 महिने घेतले तर हप्ता 4,463 होतो, जड आहे, पण व्याज 25,650 वरून 17,100 वर येतं. झेपत असेल तर हे करा. झेपत नसेल तर कर्ज कमी करा: वरकड वस्तू काढल्या की कर्ज आपोआप सहा हजारांनी उतरतं.

दर घासाघीस करून उतरतो. साडेनऊचे साडेआठ फ्लॅट झाले तर हप्ता 3,138 होतो, तीन वर्षांत 2,700 रुपये वाचतात. शोरूममध्ये एकाहून जास्त फायनान्स कंपन्यांची माणसं बसतात, दुसऱ्याचं कोटेशन पहिल्याला दाखवा. कर्जाचा विमा ऐच्छिक आहे का ते विचारा. घरात तुमच्यावर अवलंबून कुणी असेल आणि दुसरा विमा नसेल तर तो ठेवण्यात वावगं काही नाही, पण आधीच मुदत विमा असेल तर दुसऱ्यांदा पैसे कशाला.

सही करताना आणि नंतर

कोऱ्या फॉर्मवर सही करू नका, धनादेश दिलेच तर त्यावर कंपनीचं नाव आणि कर्ज खाते क्रमांक लिहून द्या. हप्ता खात्यातून आपोआप कापायची जी नॅच मंजुरी देता त्यावर कमाल रक्कम आणि शेवटची तारीख वाचा. हप्त्याची तारीख पगारानंतर चार-पाच दिवसांनी ठेवून घ्या. पगार 7 तारखेला आणि हप्ता 5 तारखेला अशी मांडणी असेल तर दर महिन्याला हप्ता परत जातो, आणि मग बँकही पैसे कापते, फायनान्स कंपनीही.

मध्येच बोनस आला, कर्ज फेडून टाकू, असं पुष्कळांना वाटतं. वर्षभराने, बारा हप्ते भरल्यावर, भाच्याच्या शोरूमवाल्या कर्जात किती उरलं असतं? तिसरा हिस्सा फिटला म्हणून 60,000 असं वाटतं. पण कर्ज बंद करताना हिशेब घटत्या शिलकीचा होतो, आणि त्यात सुरुवातीचे हप्ते व्याजातच जास्त जातात. उरलेले असतात सुमारे 64,900. एकूण व्याजातलं निम्म्याहून जास्त पहिल्याच वर्षी गेलेलं असतं. त्यावर मुदतपूर्व बंद करायचा आकार चार टक्के आणि जीएसटी धरला तर आणखी तीन हजार. तरीही उरलेल्या दोन वर्षांच्या 77,112 रुपयांच्या हप्त्यांपेक्षा हे कमीच आहे, म्हणून पैसे असतील तर बंद करणं फायद्याचं. फक्त लवकर करा. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी तोच फायदा फार थोडा उरतो.

काही चुकीचं कापलं गेलं तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, ईमेलने. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या cms.rbi.org.in वर लोकपालाकडे तक्रार करता येते, फुकट. कोटेशनचा फोटो, केएफएस आणि पावत्या जपून ठेवल्या असतील तर तिथे काम सोपं होतं.

कर्ज फिटल्यावरही एक काम राहतं, आणि आमच्याकडे येणाऱ्यांपैकी कितीतरी जण तिथेच अडकतात. शेवटचा हप्ता गेला की एनओसी मागा, सोबत फायनान्सरच्या सहीचा फॉर्म 35. ते आरटीओत देऊन, किंवा parivahan.gov.in वरून अर्ज करून, आरसीवरचा बोजा उतरवून घ्या. मग विमा कंपनीला कळवून पॉलिसीवरचं फायनान्सरचं नावही काढा. हे राहिलं की पाच वर्षांनी गाडी विकताना किंवा चोरीचा दावा करताना कळतं की कागदोपत्री गाडीवर अजून कर्ज आहे, आणि तोवर त्या कंपनीची गावातली शाखा बंद झालेली असते. एनओसीवर मुदतीची तारीख छापलेली असते, ती उलटून जायच्या आत आरटीओचं काम उरका.